हार्ड निगेटिव्ह घातल्यावर रिकॉल घसरला, तर आधी निगेटिव्ह वाचून काढा

प्रश्न: शेतीसल्ल्याच्या मराठी पत्रकांवर सर्च बनवतोय. साधारण ४,००० प्रश्न-उतारा जोड्या आहेत. `multilingual-e5-base` नुसत्या इन-बॅच निगेटिव्हवर फाइन-ट्यून केलं तेव्हा सुधारणा दिसली. मग त्याच मॉडेलने शोधलेले वरचे उतारे हार्ड निगेटिव्ह म्हणून घातले, तर रिकॉल@१० उलट खाली आला. लर्निंग रेट, बॅच, एपॉक सगळं बदलून पाहिलं. चूक कुठे असेल?

उत्तर:

लर्निंग रेट आत्ता बाजूला ठेवा. तुमच्या ट्रेनिंग फाइलमधून शंभर ओळी यादृच्छिक उचला. प्रश्न, बरोबर उतारा आणि त्यापुढे लावलेले निगेटिव्ह स्वतः वाचा, आणि शक्य असेल तर शेतीतलं कळणाऱ्या कुणाला शेजारी बसवा. माझा अंदाज असा की त्या निगेटिव्हपैकी बरेच प्रत्यक्षात बरोबर उत्तरं निघतील. म्हणजे तुम्ही मॉडेलला बरोबर उत्तर दूर ढकलायला शिकवताय, आणि मॉडेल ते मनापासून शिकतंय.

हे फक्त तुमच्याकडेच घडतंय असं नाही. एमएस मार्को या मोठ्या इंग्रजी डेटासेटमध्ये बहुतेक प्रश्नांना एकच उतारा बरोबर म्हणून नोंदवलेला असतो. रॉकेटक्यूए या शोध-मॉडेलच्या संशोधकांनी त्यातले न नोंदवलेले, पण शोधात वर येणारे उतारे हाताने तपासले, तेव्हा त्यातले सुमारे ७० टक्के बरोबर किंवा अगदी जवळचे निघाले. शेतीसल्ल्यात हे आणखी तीव्र असतं, कारण एकाच रोगावरचा तोच सल्ला विद्यापीठाच्या पुस्तिकेत, कृषी विज्ञान केंद्राच्या पत्रकात आणि वर्तमानपत्राच्या सदरात, थोड्या वेगळ्या शब्दांत, पुन्हा पुन्हा छापला जातो. तुमच्या नोंदीत त्यातला एकच ‘बरोबर’ आहे. बाकीचे सगळे मायनिंगच्या, म्हणजे मॉडेलकडूनच निगेटिव्ह शोधून घेण्याच्या, जाळ्यात सापडणारच.

एक प्रश्न घेऊन बघू. खालचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण या मॉडेलचे गुण साधारण याच पट्ट्यात पडतात.

शेतकरी विचारतो: ‘कांद्याच्या पातीवर जांभळट चट्टे पडून शेंडा वाळतोय, काय करावं?’ नोंदवलेला बरोबर उतारा जांभळ्या करप्यावरचा आहे आणि त्याचा कोसाइन ०.८६ आहे. आता उरलेल्या साठ्यातून वर काय येतं ते पाहा. पहिला ०.८९ वर दुसऱ्या पत्रकातला जांभळा करपाच, म्हणजे सरळसरळ बरोबर उत्तर. दुसरा ०.८७ वर कांद्यावरील सगळ्या रोगांचा एकत्रित लेख, ज्यात तीन ओळी आपल्या कामाच्या आहेत. तिसरा ०.८५ वर कांद्याचाच तपकिरी करपा. चौथा ०.८४ वर लसणावरचा जांभळा करपा. पाचवा ०.८४ वरच, कांद्यावरील फुलकिड्यांचा. सहावा ०.८३ वर भातावरचा करपा. सातवा ०.८१ वर टोमॅटोवरचा लवकर येणारा करपा.

या सातांत खरे कामाचे हार्ड निगेटिव्ह कोणते? तिसरा, सहावा आणि सातवा. भातावरच्या करप्यात शब्द तोच, पीक वेगळं, बुरशी वेगळी. मॉडेलला ‘करपा’ या शब्दावर भाळू नकोस, पीक बघ, हे शिकवायला यासारखं उदाहरण नाही. तपकिरी करपा तर सोन्यासारखा: पीक तेच, पात तीच, चट्टेही आहेत, पण रंग आणि कारण वेगळं. पहिला उतारा निगेटिव्ह म्हणून वापरणं ही चूक आहे. दुसरा अर्धवट आहे, तो दोन्हीकडून काढून टाका. चौथ्याबद्दल मी थांबून विचार करीन. बुरशी तीच आहे आणि उपायही बहुतांशी तोच असतो, मग तो निगेटिव्ह म्हणायचा का, हे तुमच्या सर्चने लसणाचं पान कांदेवाल्याला दाखवावं की नाही यावर ठरतं. हे मॉडेलिंगचं नाही, तुमच्या कामाचं ठरवणं आहे आणि ते आधी लिहून ठेवायला हवं. फुलकिड्यांचंही तसंच. त्यांनी खरवडलेल्या पातीत बुरशीला शिरकाव सोपा होतो, म्हणून करप्याच्या सल्ल्यात फुलकिड्यांचा बंदोबस्त येतोच. उताऱ्यात करप्याचा उल्लेख नसेल तर मी तो निगेटिव्ह धरतो, असेल तर सोडून देतो.

आता पहिला उतारा इतका घातक का ठरतो ते आकड्यांत पाहा. `MultipleNegativesRankingLoss` हा लॉस प्रत्येक निगेटिव्हला जोर किती लावतो, हे त्याच्या गुणावर घातांकाने ठरतं. गुणांना गुणणारा `scale` मूळचा २० असतो. बॅचमधला एखादा असंबद्ध उतारा, समजा द्राक्षछाटणीचा, ०.७४ वर आहे. बरोबर उताऱ्याच्या तुलनेत त्याचं वजन e च्या −२.४ घाताएवढं, म्हणजे सुमारे ०.०९. ०.८४ चा फुलकिड्यांचा उतारा हार्ड निगेटिव्ह धरला, तर तो ०.६७ वजनाचा, म्हणजे साध्यापेक्षा सातपट जोराने ढकलला जातो. आणि ०.८९ चा तो बरोबर असूनही निगेटिव्ह ठरवलेला उतारा १.८२ वजनाचा, म्हणजे वीसपट. पूर्ण बॅचमध्ये सगळ्यांत जास्त जोर नेमका चुकीच्या ओळीवर लागतो.

`scale` १०० केला (ई५ कुटुंबाचं मूळ प्रशिक्षण ०.०१ टेंपरेचरवर, म्हणजे याच `scale` वर झालंय) तर चित्र आणखी टोकाला जातं. २० वर त्या चुकीच्या ओळीचं वजन खऱ्या हार्ड निगेटिव्हच्या पावणेतीनपट होतं. १०० वर ते जवळपास दीडशेपट होतं. द्राक्षछाटणीचं वजन जवळजवळ शून्य. म्हणून निगेटिव्ह स्वच्छ झाल्याशिवाय `scale` वाढवू नका. उलट २० वरही एक किंमत मोजावी लागते. या मॉडेलचे गुण मुळातच ०.७ ते १.० च्या पट्ट्यात दाटलेले असतात, हे त्याच्या मॉडेल कार्डवरच लिहिलंय. २० वर ट्रेनिंग दूरच्या उताऱ्यांनाही सतत ढकलत राहतं आणि सगळी जागा पसरवत नेतं. स्वच्छ डेटावर मी २० आणि ५० दोन्ही चालवून बघतो आणि व्हॅलिडेशनवर जे चांगलं ते ठेवतो.

इन-बॅच निगेटिव्हवर तुमचं काम का सुधारलं, हेही यातूनच कळतं. ६४ च्या बॅचमध्ये योगायोगाने जांभळ्या करप्याचेच दोन उतारे पडण्याची शक्यता कमी, त्यामुळे चुकीच्या निगेटिव्हचं प्रमाण किरकोळ राहिलं. मायनिंगने तुम्ही ते मुद्दाम शोधून आणले.

मग उपाय काय? सर्वांत आधी साठ्यातल्या जुळ्या उताऱ्यांचे गट करा. उतारे-उताऱ्यांमधला कोसाइन काढा, जिथे तो खूप जास्त आहे त्या जोड्या वाचून पाहा आणि मान्य झालेल्यांना एकच गट क्रमांक द्या. एका गटातलं काहीही त्याच गटातल्या दुसऱ्याचं निगेटिव्ह होणार नाही, हा नियम ठेवा. हे कंटाळवाणं काम आहे, पण काही हजार उताऱ्यांच्या साठ्यात दोन माणसांना दोन-तीन दिवसांत उरकतं, आणि पुढे मूल्यमापनातही हेच गट लागतात.

मग मायनिंग. `sentence-transformers` मध्ये तयार फंक्शन आहे:

```python
from sentence_transformers import SentenceTransformer
from sentence_transformers.util import mine_hard_negatives

model = SentenceTransformer("intfloat/multilingual-e5-base")
ds = mine_hard_negatives(
    pairs, model, corpus=passages,
    range_min=0, range_max=60,
    relative_margin=0.02,
    num_negatives=8,
    sampling_strategy="top",
    output_format="n-tuple",
)
```

`pairs` मधल्या प्रश्नांपुढे `query: ` आणि उताऱ्यांपुढे `passage: ` आधीच जोडलेलं हवं, `passages` मध्येही. ई५ ला ही सवय लावलेली आहे. मायनिंग, ट्रेनिंग आणि शेवटचा सर्च या तिन्हींपैकी एका जागी जरी ते विसरलं, तरी गुण गुपचूप घसरतात आणि एररही येत नाही.

`relative_margin` म्हणजे बरोबर उताऱ्याच्या गुणापेक्षा निगेटिव्ह किती टक्के खाली हवा. एनव्हीडियाच्या एनव्ही-रिट्रीव्हर मॉडेलच्या कामात ९५ टक्क्यांची मर्यादा चांगली ठरली होती आणि लोक तीच उचलतात. आपल्या उदाहरणावर लावून बघा: ०.८६ चे ९५ टक्के म्हणजे ०.८१७. वरच्या सातांपैकी फक्त टोमॅटो उरतो. भातावरचा करपा गेला, तपकिरी करपा गेला, म्हणजे शिकण्यासारखं होतं तेच गाळलं. मर्यादा दोन टक्क्यांवर आणली तर ०.८४३ च्या खालचे चार राहतात, भात परत येतो, पण ०.८५ चा तपकिरी करपा तरीही बाहेर. आणि मर्यादा काढून टाकली की ०.८९ चा बरोबर उतारा आत शिरतो. ई५ चे गुण दाटीवाटीने बसतात, त्यामुळे दुसऱ्या मॉडेलवर ठरलेली टक्केवारी इथे तशीच चालत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तपकिरी करपा आणि दुसऱ्या पत्रकातला जांभळा करपा यांत फरक करणं या मॉडेलच्या गुणांना जमतच नाही. जमत असतं तर फाइन-ट्यूनिंगची गरजच पडली नसती.

म्हणून `relative_margin` ची ओळ काढून गाळणीचं काम दुसऱ्याकडे द्यावं लागतं. मी इथे क्रॉस-एन्कोडर वापरतो. तो प्रश्न आणि उतारा एकत्र वाचतो, त्यामुळे हळू पण बारकाईने पारखतो. मराठीसाठी `BAAI/bge-reranker-v2-m3` हा बहुभाषिक असल्याने सुरुवातीला ठीक आहे. त्याला उतारे देताना मात्र `query: ` आणि `passage: ` काढून टाका, ती ई५ ची खूण आहे. आठ-दहा उमेदवारांना त्याचा गुण लावा आणि ज्यांचा गुण बरोबर उताऱ्याच्या जवळपास येतो ते टाकून द्या. ‘जवळपास’ म्हणजे किती, हे ठरवायला सुरुवातीच्या शंभर वाचलेल्या ओळी कामी येतात. तुम्ही हाताने ‘बरोबर’, ‘अर्धवट’, ‘चूक’ अशी खूण केलेली असेल, तर कुठली मर्यादा लावल्यावर बरोबरपैकी बहुतेक गळतात हे लगेच दिसतं. चूक होणारच असेल तर कडक बाजूने होऊ द्या. एक चांगला हार्ड निगेटिव्ह हुकला तर थोडंसं शिकायचं राहतं. एक बरोबर उतारा निगेटिव्ह म्हणून शिरला तर वर पाहिलं तसं ते सगळ्यांत जोराने शिकलं जातं. गाळून उरलेल्यांतून प्रत्येक प्रश्नाला दोन किंवा तीन घ्या. आठ घालून मला कधी फायदा दिसला नाही, नुसती मेमरी खाल्ली जाते.

शब्द जुळवून शोधणाऱ्या बीएम२५ नेही थोडे निगेटिव्ह काढावेत. २०२० च्या डीपीआर या शोध-मॉडेलमध्ये इन-बॅच निगेटिव्हसोबत बीएम२५ चा एकच निगेटिव्ह घातला होता आणि त्याने बराच फरक पडला होता. मराठीत एक अडचण आहे ती लक्षात ठेवा: ‘करपा’ आणि ‘करप्याचा’, ‘कांदा’ आणि ‘कांद्यावर’ हे साध्या बीएम२५ ला वेगळे शब्द वाटतात. सामान्यरूपामुळे नेमका हवा तो शब्दसाम्याचा निगेटिव्ह हाती लागत नाही. शब्दांऐवजी चार-पाच अक्षरांच्या तुकड्यांवर इंडेक्स केला की हा प्रश्न बराचसा सुटतो, स्टेमर शोधत बसावं लागत नाही.

ट्रेनिंगमध्ये एक जागा निसटते. हा लॉस प्रत्येक प्रश्नासाठी बॅचमधल्या बाकी सगळ्यांचे उतारे, त्यांच्या हार्ड निगेटिव्हसकट, निगेटिव्ह धरतो. ६४ प्रश्न आणि प्रत्येकी तीन निगेटिव्ह असले की एका प्रश्नासमोर २५५ निगेटिव्ह उभे राहतात. तुमच्या डेटात जांभळ्या करप्यावर वीस वेगवेगळे प्रश्न असतील, तर त्यातले दोन कधीतरी एका बॅचमध्ये भेटू शकतात. `BatchSamplers.NO_DUPLICATES` नक्की लावा, पण तो अक्षरशः तोच मजकूर असेल तरच अडवतो. एका स्वल्पविरामाचा फरक असला की दोन्ही आत. म्हणून गटातल्या सगळ्या उताऱ्यांऐवजी ट्रेनिंगमध्ये गटाचा एकच प्रतिनिधी उतारा वापरणं मला बरं वाटतं. मग मजकूर तंतोतंत सारखा होतो आणि सॅम्पलर त्याचं काम नीट करतो.

बाकीचे आकडे साधेच: लर्निंग रेट `2e-5`, वॉर्मअप दहा टक्के, एक एपॉक, फार तर दोन. कार्ड लहान असेल तर `CachedMultipleNegativesRankingLoss` घ्या, बॅच मोठी राहते आणि मेमरी `mini_batch_size` पुरतीच लागते.

पहिला एपॉक संपल्यावर एक तपासणी मी कधीच चुकवत नाही. नव्या मॉडेलने ट्रेनिंगच्याच ओळी पुन्हा मोजायच्या आणि निगेटिव्हचा गुण वजा पॉझिटिव्हचा गुण यानुसार उतरत्या क्रमाने लावायच्या. इतकं ढकलूनही जे निगेटिव्ह वरच बसलेत, त्या ओळी वाचा. त्यात बहुधा दोन प्रकार निघतात: एक तर निगेटिव्ह प्रत्यक्षात बरोबर आहे, नाहीतर पॉझिटिव्ह म्हणून नोंदवलेला उताराच सदोष आहे.

हा दुसरा प्रकार मला एका कामात पहिल्यांदा दिसला, आणि तेव्हापासून मी पॉझिटिव्हही तितक्याच संशयाने वाचतो. पत्रकं ठरावीक लांबीवर तोडली होती. त्यामुळे ‘या रोगाच्या नियंत्रणासाठी लागवडीनंतर…’ असा सुरू होणारा उतारा तयार झाला, ज्यात ना कांदा, ना करपा, ना रंग. माणसाने वरचं शीर्षक पाहून त्याला बरोबर म्हटलं होतं, मॉडेलपुढे मात्र शीर्षक नव्हतंच. अशा उताऱ्यापुढे भातावरच्या करप्याचा निगेटिव्ह ठेवून पीक ओळखायला कसं शिकवणार? पीक कुठेच लिहिलेलं नाही. प्रत्येक उताऱ्याच्या सुरुवातीला ‘कांदा, जांभळा करपा:’ असं पीक आणि रोगाचं नाव जोडलं की हार्ड निगेटिव्ह खरोखर काम करू लागतात. लक्षात ठेवा, ई५ ची मर्यादा ५१२ टोकनची आहे, त्यापुढचा मजकूर वाचलाच जात नाही.

आता तुमच्या घसरलेल्या रिकॉलबद्दल. त्यातला काही भाग मोजमापाचाच असू शकतो. नव्या मॉडेलने दुसऱ्या पत्रकातले बरोबर उतारे वर आणले आणि नोंदवलेला एक अकराव्या जागी गेला, तर रिकॉल@१० शून्य मोजला जातो, शेतकऱ्याला मात्र उत्तर मिळालेलं असतं. हे तपासायला गटानुसार मोजा: गटातलं कुणीही पहिल्या दहात आलं की बरोबर. शिवाय दीड-दोनशे प्रश्नांवर जुन्या आणि नव्या मॉडेलचे पहिले दहा एकत्र करून, कोणता उतारा कुणी आणला ते झाकून, हाताने खूण करा. गटानुसार मोजल्यावरही घसरण राहिली तर नुकसान खरं आहे, आणि बहुधा ते जास्त प्रती असलेल्या रोगांवर एकवटलेलं दिसेल. तसं दिसलं तर चुकीच्या निगेटिव्हचं निदान पक्कं समजा.

चाचणी संच वेगळा काढताना प्रश्नांनुसार नव्हे, पीक-रोगाच्या गटानुसार काढा. जांभळ्या करप्याचे अठरा प्रश्न ट्रेनिंगमध्ये आणि दोन चाचणीत असले, तर पाठांतरालाही पूर्ण गुण मिळतात. सोबत शेतीबाहेरचा एखादा छोटा मराठी संच ठेवून त्यावरचा जुना-नवा आकडा बघत राहा. तो झपाट्याने पडला तर मॉडेल एकाच विषयात अडकत चाललंय, मग एपॉक कमी करा किंवा ट्रेनिंगमध्ये थोड्या सर्वसाधारण जोड्या मिसळा.

सगळं नीट केलं तरी काही फरक या पद्धतीने शिकवता येत नाहीत. ‘फवारणी करावी’ आणि ‘फवारणी करू नये’, किंवा लागवडीनंतर ३० दिवसांचा सल्ला आणि ६० दिवसांचा सल्ला, हे एका सदिशात फार जवळ बसतात. त्यासाठी हार्ड निगेटिव्हचा ढीग ओतला तर बाकीची जागा वाकते. वरच्या वीस उताऱ्यांवर क्रॉस-एन्कोडर चालवा आणि औषधाचं प्रमाण किंवा दिवस यांची निवड त्याच्यावर सोडा.

नव्या मॉडेलने पुन्हा मायनिंग करायचं का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. ४,००० जोड्यांवर एक फेरी पुरते. दुसरी करायचीच असेल तर त्या फेरीतले निगेटिव्ह पहिल्यापेक्षा जास्त संशयास्पद असतात, कारण सोपे चुकीचे उतारे आता खाली गेलेले असतात आणि वर उरलेल्यांत बरोबर उताऱ्यांचं प्रमाण वाढलेलं असतं. पुन्हा शंभर ओळी वाचल्याशिवाय ती फाइल ट्रेनिंगला देऊ नका.